फेज मार्जिन आणि ॲम्प्लिफायरचे रिंगिंग

ऋण फीडबॅक असलेल्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर एका क्षणात वर चढणारा आणि मग स्थिर राहणारा व्होल्टेज दिला, तर आउटपुटनेही तसेच वर चढून स्थिर व्हावे अशी अपेक्षा असते. अनेक सर्किटांमध्ये मात्र आउटपुट ठरलेल्या पातळीच्या वर जाते, परत फिरून तिच्या खाली येते, पुन्हा वर जाते आणि अशा लहान लहान होत जाणाऱ्या काही आंदोलनांनंतर एकदाचे जागेवर बसते. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चौकोनी तरंगाच्या प्रत्येक कडेला चिकटलेल्या या आंदोलनांना रिंगिंग म्हणतात. ती किती मोठी असतील आणि किती वेळ टिकतील, याचा अंदाज चौकोनी तरंग देण्यापूर्वीच, गेन आणि फेज यांच्या आलेखावरील एका कोनावरून बांधता येतो, आणि त्या कोनाचे नाव फेज मार्जिन आहे.

हा कोन समजण्यासाठी आधी फीडबॅकचा लूप नीट पाहावा लागतो. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधील अभियंते हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये अशी कल्पना सुचली की, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वर्धन करणारा ॲम्प्लिफायर घ्यावा, त्याच्या आउटपुटचा काही भाग इनपुटमधून वजा करावा आणि उरलेल्या फरकाचेच, म्हणजे त्रुटीचेच, वर्धन करावे. असे केल्याने बरेचसे वर्धन हातचे जाते. पण त्याच्या बदल्यात आउटपुट व्हॅक्यूम ट्यूबच्या लहरीवर अवलंबून न राहता वजाबाकी करणाऱ्या साध्या, भरवशाच्या घटकांवर अवलंबून राहते. टेलिफोनच्या लांब मार्गांवर एकामागून एक जोडलेल्या ॲम्प्लिफायरांना हीच गोष्ट हवी होती. मात्र हा सगळा हिशेब वजाबाकी वेळेवर होते या गृहीतकावर उभा आहे. ॲम्प्लिफायरमधून जाऊन परत येणाऱ्या सिग्नलला काही ना काही उशीर होतो, आणि सिग्नलची वारंवारता जितकी जास्त, तितका तोच उशीर त्याच्या एका आवर्तनाचा मोठा हिस्सा व्यापतो. हा हिस्सा अंशांत मोजला की त्याला फेजमधील विलंब म्हणतात: पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे आणि अर्धे १८० अंशांचे. परत येणारा सिग्नल बरोबर अर्ध्या आवर्तनाने मागे पडला, तर जिथे शिखर यायला हवे तिथे दरी येते, आणि दरी वजा करणे म्हणजे शिखर मिळवणे. त्या एका वारंवारतेपुरता ऋण फीडबॅक धन फीडबॅक होऊन बसतो.

विलंब १८० अंशांचा झाला म्हणजे लगेच अनर्थ होतो असे मात्र नाही, कारण परत येणारा सिग्नल किती मोठा आहे हेही तितकेच महत्त्वाचे असते. लूपमध्ये एक फेरी मारून आलेला सिग्नल निघताना होता त्यापेक्षा लहान असेल, तर पुढच्या फेरीत तो आणखी लहान होऊन विरून जातो; तो निघताना होता तेवढाच परत आला, तर इनपुटवर काहीही न देता आंदोलन आपले आपण चालू राहते. म्हणून लूपच्या एका फेरीत सिग्नल किती पट होतो, म्हणजे लूप गेन, आणि तो किती मागे पडतो, म्हणजे लूपची फेज, या दोन राशी एकाच वेळी पाहाव्या लागतात. हॅरी निक्विस्ट यांनी १९३२ मध्ये या दोन्ही राशी एकाच वक्रावर मांडून स्थिरतेची कसोटी दिली. त्यांचेच बेल लॅबोरेटरीजमधील सहकारी हेंड्रिक बोडे यांनी त्याच राशी दोन स्वतंत्र रेषांमध्ये, एकाखाली एक, मांडण्याची जी पद्धत रूढ केली ती आज प्रत्येक अभियंत्याच्या हाताखालची आहे. फेज मार्जिन आणि गेन मार्जिन या संज्ञाही बोडे यांच्याच १९४० च्या लेखनातून रुळल्या.

बोडे आलेखाच्या आडव्या अक्षावर वारंवारता असते, आणि ती अशा मापावर मांडलेली असते की १० पासून १०० पर्यंतचे अंतर आणि १०० पासून १००० पर्यंतचे अंतर सारखेच दिसते. अशा प्रत्येक दहापटीला दशक म्हणतात. वरच्या रेषेत लूप गेन डेसिबलमध्ये दाखवलेला असतो. या मापात गेन दहापट झाला की २० डेसिबलची भर पडते आणि एकपट गेन म्हणजे शून्य डेसिबल. खालच्या रेषेत लूपची फेज अंशांत असते. वाचन दोन पायऱ्यांत होते. आधी वरची रेषा शून्य डेसिबलला कुठे छेदते ते पाहायचे, ही छेद-वारंवारता. मग तिथूनच सरळ खाली उतरून फेजची रेषा उणे १८० अंशांपासून अजून किती वर आहे ते मोजायचे. तेच अंतर फेज मार्जिन होय. फेज उणे १२० अंश असेल तर मार्जिन ६० अंशांचे, आणि उणे १७० असेल तर अवघे १० अंशांचे. दुसऱ्या शब्दांत, ज्या वारंवारतेला सिग्नल फेरीअंती नेमका आपल्याच आकाराचा होऊन परततो, तिथे वजाबाकीची बेरीज व्हायला आणखी किती विलंब लागेल, हे हा कोन सांगतो.

या व्याख्येचा कस पाहण्यासाठी एक अगदी साधे, पण प्रयोगशाळांत रोज भेटणारे सर्किट घेणे उपयुक्त ठरते. त्यात एक ऑप-ॲम्प आहे, त्याचे आउटपुट थेट ऋण इनपुटला जोडलेले आहे आणि त्यामुळे आउटपुट इनपुटच्या बरोबरीने चालते. यालाच बफर किंवा व्होल्टेज फॉलोअर म्हणतात. ऑप-ॲम्पचा अंतर्गत गेन अतिशय कमी वारंवारतेला १ लाख पट, म्हणजे १०० डेसिबल आहे, आणि तो १० हर्ट्झपासून घसरू लागून १ मेगाहर्ट्झला एकपट होतो. ही घसरण मुद्दाम घडवून आणलेली असते. १९६८ च्या प्रसिद्ध ७४१ या ऑप-ॲम्पमध्ये चिपवरच बसवलेला ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर हेच काम करतो, तर त्याच्या आधीच्या ७०९ मध्ये असा कपॅसिटर आणि त्याच्या जोडीचे घटक वापरणाऱ्यालाच बाहेरून लावावे लागत. असा एकच घटक गेन कमी करत असेल, तर वरची रेषा दर दशकाला २० डेसिबलने उतरते आणि फेज उणे ९० अंशांवर जाऊन थांबते. त्यामुळे १ मेगाहर्ट्झच्या छेदाला ९० अंशांचे मार्जिन शिल्लक असते आणि एकटा बफर शहाण्यासारखा वागतो.

आता याच बफरच्या आउटपुटवर, व्होल्टेजमधील गोंगाट कमी व्हावा या चांगल्या हेतूने, १०३ असे छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे १० नॅनोफॅरड, जमिनीकडे जोडला असे समजू. ऑप-ॲम्पचा स्वतःचा, फीडबॅकने कमी होण्यापूर्वीचा आउटपुट रोध १०० ओहम धरला, तर हा रोध आणि तो कपॅसिटर मिळून १ मायक्रोसेकंदाच्या कालांकाचे एक फिल्टर तयार होते. ते वापरणाऱ्याने आखलेले नसते आणि सर्किटच्या नकाशावर दिसतही नाही, कारण त्यातील रोध ऑप-ॲम्पच्या त्रिकोणाच्या आत असतो. पण फीडबॅक त्याच्या पलीकडून घेतलेला असल्यामुळे ते लूपच्या आतच बसते. त्याची कोपरा-वारंवारता १५९ किलोहर्ट्झ येते. त्या वारंवारतेनंतर वरची रेषा दर दशकाला २० ऐवजी ४० डेसिबलने उतरू लागते आणि फेज उणे ९० वरून उणे १८० कडे सरकू लागते. गेनची रेषा आता १ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतच नाही. ती ३८३ किलोहर्ट्झलाच शून्य डेसिबलला छेदते. त्या ठिकाणी नव्या फिल्टरने दिलेला विलंब सुमारे ६७.५ अंशांचा आहे, ऑप-ॲम्पचे आधीचे ९० अंश त्यात मिळवले की एकूण १५७.५ अंश होतात, आणि मार्जिन उरते २२.५ अंश.

येथे अनुभवी अभियंत्यांच्या नजरेची एक खूण सांगण्यासारखी आहे. ते पुष्कळदा फेजची रेषा पाहण्याआधी वरच्या रेषेचा छेदाजवळचा उतार पाहतात. ज्या सर्किटांत निव्वळ विलंब किंवा तत्सम विशेष परिणाम नसतात, त्यांत फेज ही उताराशी बांधलेली असते, हे बोडे यांनीच दाखवून दिले: दर दशकाला २० डेसिबलचा उतार दीर्घ पट्ट्यात टिकला तर फेज उणे ९० च्या आसपास राहते, आणि ४० डेसिबलचा टिकला तर उणे १८० च्या. त्यामुळे गेनची रेषा शून्याला २० च्या उताराने छेदत असेल तर सहसा काळजीचे कारण नसते, आणि ४० च्या उताराने छेदत असेल तर कारण जवळजवळ नक्की असते. वरील उदाहरणात उतार छेदाच्या थोडा आधीच बदलला आहे, म्हणून फेज दोन्हींच्या मध्ये, पण धोक्याच्या बाजूला अधिक, अशी येते.

मार्जिन अजून शून्य झालेले नाही, म्हणजे सर्किट स्थिर आहे. तरीही ते आंदोलने का करते, याचे उत्तर आधी वारंवारतेच्या भाषेत देता येते. फीडबॅक असलेल्या बफरचे आउटपुट इनपुटच्या L/(1+L) पट असते, जिथे L हा लूप गेन, आकारमान आणि फेज या दोन्हींसह. कमी वारंवारतेला L प्रचंड असतो आणि हे गुणोत्तर जवळजवळ एक येते. छेदाच्या ठिकाणी L चे आकारमान बरोबर एक असते. त्याची दिशा उणे १८० अंशांच्या जवळ असेल तर L म्हणजे जवळजवळ उणे एक, आणि भाजकातला 1+L म्हणजे जवळजवळ शून्य. लहान संख्येने भागल्यावर उत्तर मोठे येते. भूमितीने हिशेब केला की छेदाच्या वारंवारतेला आउटपुट हे इनपुटच्या 1/(2 sin(PM/2)) पट येते, जिथे PM हा मार्जिनचा कोन. मार्जिन ६० अंश असेल तर हे उत्तर बरोबर एक येते. म्हणजे त्या वारंवारतेला बफर ना काही वाढवतो ना घटवतो. २२.५ अंशांना ते जवळजवळ २.५६ येते, आणि १० अंशांना ५.७ च्या वर जाते. आपला बफर, ज्याने सर्व वारंवारतांना सारखीच वागणूक द्यायला हवी, तो ३८३ किलोहर्ट्झच्या आसपासच्या सिग्नलला अडीच पटींहून अधिक फुगवतो. अचानक चढणाऱ्या व्होल्टेजमध्ये सर्व वारंवारतांचा अंश असल्यामुळे ही एक वारंवारता उचलली जाते आणि आउटपुटवर उठून दिसते.

पण हे उत्तर गणिताच्या दृष्टीने पुरे असले तरी कपॅसिटर आणि रोध यांच्यात प्रत्यक्ष काय घडते ते त्यातून दिसत नाही, आणि रिंगिंगचे खरे कारण तिथेच आहे. बफरच्या इनपुटवर ५० मिलिव्होल्टची पायरी दिली असे धरू. ऑप-ॲम्पच्या आतील टप्पा त्रुटी साठवत जाणाऱ्यासारखा वागतो: त्रुटी शिल्लक असेपर्यंत त्याचा व्होल्टेज वाढत जातो, त्रुटी शून्य झाली की वाढ थांबते, आणि तो कमी व्हायचा असेल तर त्रुटी उलट्या चिन्हाची व्हावी लागते. बाहेरचा कपॅसिटर या आतल्या व्होल्टेजच्या मागे १०० ओहममधून भरत जातो. पायरी दिल्यानंतर सुमारे ०.७२ मायक्रोसेकंदांनी आउटपुट प्रथमच ५० मिलिव्होल्टला पोचते आणि त्या क्षणी त्रुटी शून्य असते. पण आतला व्होल्टेज तोपर्यंत सुमारे १३७ मिलिव्होल्टपर्यंत चढून बसलेला असतो. दोहोंमधील ८७ मिलिव्होल्टच्या फरकामुळे १०० ओहममधून जवळजवळ ०.८७ मिलिअँपिअर प्रवाह कपॅसिटरमध्ये अजूनही वाहत असतो. त्रुटी संपली आहे, पण तिचा आधीचा साठा संपलेला नाही.

त्यामुळे आउटपुट पातळी ओलांडून पुढे जाते. त्रुटी आता उलटी होते आणि आतला व्होल्टेज उतरू लागतो, तरी तो आउटपुटच्या बरोबरीला येईपर्यंत कपॅसिटर भरतच राहतो. ही बरोबरी सुमारे १.२८ मायक्रोसेकंदांना होते आणि तेव्हा आउटपुट ७६ मिलिव्होल्टवर असते, म्हणजे ठरलेल्या पायरीच्या सुमारे ५३ टक्क्यांनी वर. त्यानंतर उतरण सुरू होते, पण त्या उतरणीतही तीच चूक होते: आउटपुट ५० वर परत येईपर्यंत आतला व्होल्टेज फार खाली गेलेला असतो आणि २.५६ मायक्रोसेकंदांना आउटपुट ३६ मिलिव्होल्टपर्यंत बुडते. पुढचे शिखर सुमारे ५७ चे आणि त्यापुढची दरी ४६ ची. झोपाळा थांबवू पाहणारा हात प्रत्येक वेळी थोडा उशिरा पोचला तर त्याच्या ढकलण्यातला काही भाग झोक्याला विरोध करण्याऐवजी झोक्याच्याच दिशेने लागतो. येथे दुरुस्तीचे नेमके तसेच होते. दुरुस्तीतला जो हिस्सा अजून योग्य वेळी पोचतो तो आंदोलन शमवतो, आणि फेज मार्जिन हे त्या योग्य वेळी पोचणाऱ्या हिश्श्याचे माप आहे. ते शून्य झाले की शमवणारे काही उरत नाही आणि आंदोलन कायम राहते. ते त्याहूनही कमी झाले तर आंदोलन वाढत जाते, आणि ऑप-ॲम्पच्या वेगाच्या किंवा त्याला मिळणाऱ्या वीजपुरवठ्याच्या मर्यादेला जाऊन धडकेपर्यंत थांबत नाही.

मार्जिनचे वेळेत रूपांतर केले की ते किती तुटपुंजे आहे हे अधिक स्पष्ट होते. ३८३ किलोहर्ट्झच्या आवर्तनाचे २२.५ अंश म्हणजे त्याचा सोळावा भाग, सुमारे ०.१६ मायक्रोसेकंद, लूपमध्ये एवढा जादा उशीर कुठूनही आला की बफर आंदोलक होईल. तो येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. वरच्या हिशेबात ऑप-ॲम्पच्या आतील घसरणीचे एकच कारण धरले आहे, पण खऱ्या ऑप-ॲम्पमध्ये वरच्या वारंवारतांना आणखी कारणे असतात. त्यातले एक जरी ३ मेगाहर्ट्झला असले तरी ३८३ किलोहर्ट्झला ते ७ अंशांहून थोडे अधिक खाते आणि मार्जिन १५ वर येते. याच कारणाने १० च्या जागी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला तर कागदावरच्या साध्या हिशेबात ७ अंश उरतात, पण खऱ्या सर्किटमध्ये तेही उरतील यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

उलट, १०२ छापलेला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, किंवा साधारण तेवढीच धारिता असलेली दहाएक मीटरची कोॲक्सिअल केबल जोडली, तर फिल्टरची कोपरा-वारंवारता १.५९ मेगाहर्ट्झ येते, छेद ८७६ किलोहर्ट्झला होतो आणि मार्जिन ६१ अंश उरते. तेव्हा आउटपुट पायरीच्या केवळ ८ टक्क्यांनी वर जाऊन लगेच स्थिरावते. मार्जिन आणि उसळी यांचे नाते अशा दोन घटकांच्या लूपसाठी पक्के आहे: ६० अंशांना सुमारे ९ टक्के, ४५ ला २३ आणि ३० ला ४२ टक्के. अभियांत्रिकीत ६० अंश हे सोयीचे उद्दिष्ट आणि ४५ ही बहुतेकदा खालची सीमा मानली जाते, ती याच आकड्यांवरून. मात्र हे संकेत सर्व कामांना सारखे लागू होतात असे नाही. मोजमापाच्या उपकरणात, जिथे आउटपुट अगदी शेवटच्या अंशापर्यंत लवकर स्थिर व्हावे लागते, तिथे ४५ अंश पुरेसे मानणे चुकीचे ठरते.

प्रत्यक्षात फेज मार्जिन कळण्यासाठी लूप तोडून आलेख काढण्याची गरज नेहमीच नसते. बफरला लहान चौकोनी तरंग द्यावा, ऑसिलोस्कोपवर पहिली उसळी किती टक्के आहे ते मोजावे आणि वरच्या नात्यावरून मार्जिनचा अंदाज घ्यावा. यात दोन काळज्या घ्याव्या लागतात. पहिली, तरंग खरोखरच लहान हवा. ७४१ सारखा ऑप-ॲम्प आपले आउटपुट दर मायक्रोसेकंदाला सुमारे अर्ध्या व्होल्टहून वेगाने बदलू शकत नाही, आणि वरील १ मेगाहर्ट्झच्या बफरला १०० मिलिव्होल्टची पायरी दिली तर आतल्या टप्प्याकडे सुरुवातीलाच दर मायक्रोसेकंदाला सुमारे ०.६ व्होल्टचा वेग मागितला जातो. मग जे दिसते ते मार्जिनचे फळ न राहता वेगमर्यादेचे असते. पन्नास मिलिव्होल्ट घेतले तर ही मागणी ०.३ च्या आसपास राहते आणि निरीक्षणावर भरवसा ठेवता येतो. दुसरी काळजी म्हणजे मोजण्याचे साधन सर्किटला बदलू शकते. दहापट घट करणाऱ्या नेहमीच्या प्रोबची धारिता १० ते १५ पिकोफॅरड असते. आपल्या बफरच्या आउटपुटवर ती नगण्य आहे, पण मोठ्या रोधांच्या फीडबॅकच्या संधीवर प्रोब टेकवला तर तो स्वतःच एक नवे फिल्टर बनून नसलेले रिंगिंग दाखवू शकतो.

आलेख संगणकावर काढताना होणारी चूक निराळी असते. नवखा वापरणारा पुष्कळदा ऑप-ॲम्पच्या माहितीपत्रकातील खुल्या गेनचा आलेख घेतो आणि त्यावरून मार्जिन वाचतो, पण मार्जिन लूप गेनचे असते. फीडबॅकमध्ये आउटपुटचा जेवढा अंश परत येतो तेवढ्याने खुला गेन कमी करूनच छेद शोधायला हवा. यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. हाच ऑप-ॲम्प, हाच १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पण बफरऐवजी दहापट वर्धनाची जोडणी केली, तर आउटपुटचा दहावाच हिस्सा परत येतो, लूप गेनची संपूर्ण रेषा २० डेसिबलने खाली सरकते, छेद ८८ किलोहर्ट्झच्या जवळ येतो आणि मार्जिन पुन्हा ६१ अंशांचे होते. म्हणजे काहीच न वाढवणारा बफर, जो पाहणाऱ्याला सर्वांत सोपे सर्किट वाटतो, तोच स्थिरतेच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतो, कारण त्यात सगळेच आउटपुट परत फिरते. दुसरा गोंधळ चिन्हाचा असतो: काही सॉफ्टवेअर वजाबाकीचे १८० अंशही फेजमध्ये धरते आणि मग रेषा कमी वारंवारतेला शून्याऐवजी १८० पासून सुरू होते, अशा आलेखावर मार्जिन उणे १८० पासून न मोजता शून्यापासून मोजायचे असते.

हेही नोंदवायला हवे की गेनची रेषा शून्याला एकाहून अधिक वेळा छेदत असेल, किंवा फेज मध्येच उणे १८० च्या खाली जाऊन परत वर येत असेल, तर एका कोनावरून निर्णय करता येत नाही. तिथे निक्विस्ट यांच्या मूळ वक्राकडेच जावे लागते. साध्या बफरला ही अडचण नाही.

कपॅसिटर तर हवा आहे पण रिंगिंग नको, अशा स्थितीत सर्वांत सरळ उपाय म्हणजे ऑप-ॲम्पचे आउटपुट आणि कपॅसिटर यांच्यामध्ये एक छोटा रोध घालणे आणि फीडबॅक मात्र ऑप-ॲम्पच्या पायावरूनच, म्हणजे त्या रोधाच्या अलीकडून घेणे. रोध ५० ओहमचा घेतला तर फिल्टरची कोपरा-वारंवारता १०६ किलोहर्ट्झवर येते, म्हणजे घसरण उलट आधीच सुरू होते. पण ३१८ किलोहर्ट्झच्या पुढे कपॅसिटरचा अडथळा ५० ओहमपेक्षाही कमी होतो, ऑप-ॲम्पच्या पायाला समोर मुख्यतः साधा रोधच दिसू लागतो आणि फेजचा विलंब परत कमी होत जातो. छेद आता ४०९ किलोहर्ट्झच्या जवळ होतो. तिथे विलंबाचा हिशेब ९० अधिक ७५.५ वजा ५२ असा होऊन सुमारे ११३.५ अंश येतो, आणि २२.५ अंशांचे मार्जिन ६६ च्या वर जाते. कपॅसिटर तोच राहतो, गेनही तोच राहतो, फक्त छेदाच्या ठिकाणी दुरुस्तीला होणारा उशीर कमी होतो.

या उपायाची किंमत असते आणि ती आधी मोजलेली बरी. नवा रोध फीडबॅकच्या बाहेर असल्यामुळे त्यात पडणारा व्होल्टेज ऑप-ॲम्पला दिसत नाही. पुढे १ मिलिअँपिअर स्थिर प्रवाह घेणारा भार असेल तर ५० मिलिव्होल्टची चूक कायमची राहते. शिवाय कपॅसिटरवरचा व्होल्टेज ०.५ मायक्रोसेकंदाच्या कालांकाने मागे रेंगाळतो. ॲनालॉग-टू-डिजिटल परिवर्तकाच्या इनपुटसारखा जवळजवळ प्रवाहच न घेणारा भार असेल तर पहिली किंमत शून्याच्या जवळ येते आणि दुसरीही बहुधा परवडते. भार जास्त प्रवाह घेणारा असेल तर स्थिर व्होल्टेजचा फीडबॅक मोठ्या रोधामधून थेट कपॅसिटरवरून आणि वेगवान बदलांचा फीडबॅक छोट्या कपॅसिटरमधून ऑप-ॲम्पच्या पायावरून, अशी दुहेरी जोडणी करतात. तिथे दोन्ही वाटांचा मिळून लूप गेन नव्याने आखून छेदाजवळचा कोन पुन्हा मोजावा लागतो.